उभी माती

आमच्या डोंबिवलीच्या खाडीकाठची माती एकदा पायाला लागली की ती घरापर्यंत सोबत येते. विहिरीवर बसून दगडाने घासा, नखांत तरी थोडी राहतेच. त्यामुळे काश्मीरात पहिल्यांदा एका नांगरलेल्या शेतात पाऊल टाकलं, ते कोरड्या मातीत घोट्यापर्यंत बुडालं, आणि बाहेर काढून नुसतं झटकल्यावर स्वच्छ झालं, तेव्हा मी दचकलोच. पुन्हा टाकलं, पुन्हा झटकलं. बाजूला उभे असलेले मजूर हसायला लागले. "समुद्रवाला नाचतोय," असं काहीतरी एकजण म्हणाला. त्या दिवसापासून तिथल्या मजुरांत माझं नाव समुद्रवाला पडलं.

मी समुद्रवाला नव्हतो, खाडीवाला होतो. आमच्या घरात तीन पिढ्या खारबांधाचं काम. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून चिखलाचे बांध घालायचे, पावसाळ्याआधी ते दुरुस्त करायचे, खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायची. वडील गेले तेव्हा मी इंग्रजी दुसरीत होतो. मास्तर घरी येऊन आईला म्हणाले, "मुलगा बरा आहे, शिकू दे." आई म्हणाली, "मास्तर, बांध कोण बघणार?" तेवढ्यावर माझं शिक्षण संपलं. त्याबद्दल मला कुणाचा राग नाही. पण कागदाची धास्ती बसली, ती पुढे आयुष्यभर राहिली.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरची काही वर्षं मी कल्याणच्या मिलिटरी कॅम्पात गटारांच्या कामावर होतो. एकदा तिथली एक नाली फुटली. सिमेंट शिल्लक नव्हतं. मी खाडीचा चिखल आणवला, पायाने तुडवला, गोळे करून दाबून बसवला, आणि पाणी थांबलं. देखरेखीला ठाण्याचे एक ओव्हरसियर होते. ते उकिडवे बसून बराच वेळ ते बघत राहिले. काही महिन्यांनी त्यांना काश्मीरात रस्त्यांच्या कामावर बोलावणं आलं आणि त्यांनी मला विचारलं, "येतोस का रे? थंडी आहे हां तिकडे." मी साहेबांना सांगितलं की मी मॅट्रिक नाही, नॉनमॅट्रिकसुद्धा म्हणता येणार नाही. ते म्हणाले, "मी तुला पत्रं लिहायला नेत नाहीये." आणि कागदावर माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलं: मिस्त्री, मातीकाम. तो शब्द मी गाडीत चारचारदा काढून वाचला. आपल्या नावापुढे असं काही लिहिलं जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि कोणीतरी येऊन तो खोडेल, ही भीती त्याच दिवशी सुरू झाली.

काम होतं ते खालच्या सडकेपासून वरच्या गावापर्यंत रस्ता चढवायचं. त्या खोऱ्यात सपाट माथ्याच्या उंच टेकड्या आहेत, तिथले लोक त्यांना करेवा म्हणतात. खालून बघितलं तर टेकडी, वर चढून गेलं तर टेबलासारखं मैदान. त्या मैदानावर पुरुषभर, दोन पुरुषभर, कुठे त्याहूनही जाड अशी फिकट पिवळी माती. तिच्यात एक खडा सापडेल तर शपथ. नुसतं पीठ. दळणाच्या जात्याजवळ सांडलेल्या पिठासारखं बोटांत घ्यावं आणि गाल फुगवून फुंकावं, गेलं उडून.

साहेबांनी एका संध्याकाळी चहा पिताना मला ते समजावलं. "ही माती इथली नाहीच," ते म्हणाले. "फार पूर्वी या डोंगरांत बर्फाच्या नद्या होत्या. बर्फ सरकताना खालचा दगड दळतो. ते पीठ नद्यांच्या पात्रांत पसरलं, पात्रं सुकली, आणि वाऱ्याने ते उचलून इथे आणून टाकलं. हजारो वर्षं टाकत होता. इंग्रजीत याला लोएस म्हणतात."

"वाऱ्याने एवढी?" मी विचारलं.

"एवढी. म्हणून तर थर नाहीत, खडे नाहीत. पाण्याने आणली असती तर थर दिसले असते. वारा खडे कसे उचलणार?"

मी त्या रात्री अंथरुणात पडून वाऱ्याचाच विचार करत होतो. आमच्याकडे भरती माती आणते आणि ओहोटी नेते. कोणी घाई न करता, एकेक चिमूट टाकत अख्खं मैदान उभं करावं, याचं मला फार कौतुक वाटलं. आजही वाटतं.

रस्ता जिथे करेव्याच्या काठाला कापून वर निघणार होता, तिथे वरच्या बाजूला एका म्हाताऱ्याची केशराची वाडी होती. साठीचा उंच माणूस, अंगात घोळदार फेरन, दाढी त्या मातीच्याच रंगाची. मी त्याला चाचा म्हणायचो, तो मला मिस्त्रीजी म्हणायचा. त्याचं हिंदुस्तानी मोडकं, माझं कल्याण कॅम्पातलं. दोघांचं मिळून एक चांगलं चालायचं.

केशराची शेती मी आधी पाहिली नव्हती. कांद्यासारखे लहान गड्डे जमिनीत लावायचे. एकदा लावले की कितीतरी वर्षं तिथेच राहतात, दर शरदात फुलतात, जमिनीखाली वाढत जातात. चाचाचं जुनं शेत थकलं होतं. म्हणून त्याच श्रावणात त्याने तिथले सगळे गड्डे काढून या काठावरच्या वाडीत लावले होते. सगळे. घरात बियाणं म्हणून एक गड्डा शिल्लक नव्हता. चौकोनी वाफे, प्रत्येक वाफ्याच्या चारी बाजूंना वीतभर चर, म्हणजे पावसाचं पाणी गड्ड्यांपाशी थांबायला नको. पाणी बाहेरून घालायचंच नाही. पाऊस आणि बर्फ जे देईल ते माती स्पंजासारखं धरून ठेवते आणि महिनोन्महिने मुळांना पुरवते. खत? चाचाला मी खताबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "शेणाची टोपली कधीमधी. बाकी हिच्या पोटात आहे सगळं." साहेब म्हणायचे की ते खरं आहे, दगडाचं ताजं पीठ आहे, चुनाही आहे त्यात, त्याचा कस अजून वाहून गेलेला नाही. नांगराला लागत नाही, मुळाला अडत नाही. मी एका कापलेल्या कडेत गवताचं मूळ मोजलं होतं, माझ्या उंचीएवढं खाली गेलेलं. आमच्या भाताच्या मुळाला एवढी वाट कोण देतो?

चाचाने एकदा एक गंमत केली. मी पाणी प्यायला बसलो होतो. त्याने कडेतून मुठीएवढं कोरडं ढेकूळ काढलं, माझ्या हातात दिलं. "दाबा." मी दाबलं, हलेना. मग त्याने ते माझ्या पाण्याच्या भांड्यात सोडलं. बुडबुडे आले, आणि मी तोंड पुसेपर्यंत ढेकूळ नव्हतंच. तळाशी नुसता गाळ.

"अशी आहे ही," चाचा म्हणाला. "कोरडी असली की माझ्या बापासारखी. ओली झाली की माझ्या सासऱ्यासारखी."

मजूर पोट धरून हसले. मीही हसलो, भांडं विसळलं आणि विसरलो. खाडीच्या चिखलाचा गोळा दिवसभर पाण्यात ठेवला तरी तसाच राहतो. माझ्या मनात माती म्हणजे ती.

कटिंगचं काम भाद्रपदात सुरू झालं. मधेच साहेबांना पलीकडच्या खोऱ्यात पुलाच्या कामावर जावं लागलं. जाताना म्हणाले, "ड्रॉइंगमध्ये नेहमीचा ढाळ दाखवलाय, एकास दीड, म्हणजे उंचीच्या दीडपट पसरट. पण आधी गावातल्या जुन्या वाटा बघ, लोकांना विचार, मग ठरव. तुझ्यावर सोडतो." हे शेवटचं वाक्य त्यांनी विश्वासाने म्हटलं असणार. मला ते दगडासारखं लागलं. ठरवायचं म्हणजे चुकायची मोकळीक, आणि मला चुकणं परवडणारं नव्हतं.

जुन्या वाटा मी पाहिल्या. दोन्ही बाजूंच्या भिंती सरळ उभ्या, सुरीने कापल्यासारख्या, तीनतीन पुरुष उंच. काही वाटा तर चाचाच्या आजोबांच्या वेळच्या. त्या भिंतींमधून जाताना मी वाटेच्या मधोमध चालायचो. आमच्याकडे मातीची कड एवढी उभी सोडली तर पहिल्या पावसात माणसांसकट खाली येते. बांध म्हणजे ढाळ, हे मला बापाने शिकवलं होतं. अंग पसरून बसलेल्या म्हशीसारखा बांध पाहिजे, पाण्याने कितीही ढकलू दे.

चाचा वरून ओरडला, "मिस्त्रीजी, हिला झोपवू नका. उभी ठेवा."

"पडेल, चाचा."

"उभी असली की नाही पडत. झोपली की पाऊस तिच्या पोटावर बसतो."

मला वाटलं, म्हातारा आपली जमीन वाचवतोय. ढाळ दिला की कटिंगचा माथा रुंद होतो आणि त्याच्या वाडीचा सात-आठ हातांचा पट्टा जातो. उभं कापलं तर एक हातही जात नाही. मोजणीच्या खुंट्यांप्रमाणे ती जागा रस्त्याचीच होती, तिथे त्याने वाफे केले नव्हते, पण तरी माणसाला वाटतंच. मी मनातल्या मनात त्याला माफसुद्धा करून टाकलं. आज ते आठवलं की कान गरम होतात. तो मला मातीबद्दल सांगत होता आणि मी त्याच्या लोभाबद्दल ऐकत होतो.

मी ढाळ दिला. दोन्ही बाजूंना असा गुळगुळीत, फळीने साफ केलेला, की आईने बघितला असता तर सारवायला शेण मागितलं असतं. आणि वरून वाडीचं पाणी ढाळावर येऊ नये म्हणून माथ्याच्या कडेने एक चारी खणली, पार पलीकडच्या नाल्यापर्यंत. उघडी, मातीचीच. आमच्याकडे अशा चाऱ्या वर्षानुवर्षं चालतात. चाचाच्या नव्या वाडीत त्या शरदात फुलं विरळ आली, पहिल्या वर्षी येतात तशी. मग बर्फ पडलं, काम थांबलं, आणि मी घरी पत्र टाकलं की सगळं उत्तम आहे.

फाल्गुनात बर्फ वितळलं. चैत्रात पाऊस सुरू झाला, आमच्यासारखा कोसळणारा नव्हे, भुरभुर, पण तासन्‌तास. पहिल्या आठवड्यातच माझ्या गुळगुळीत ढाळावर बोटाएवढ्या रेघा उठल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या रेघांत हात बसायला लागला. मग गुडघा. ढाळ बरगड्या निघालेल्या बैलासारखा दिसायला लागला, आणि खाली रस्त्यावर पिवळा रबडा. शेजारच्या जुन्या उभ्या वाटेच्या भिंती? त्यांच्यावर पाऊस पडतच नव्हता मुळी. उभ्या भिंतीवर पाऊस थांबणार कुठे? त्यांच्या डोक्यावर गावकऱ्यांनी काटक्या आणि गवताची ढेकळं रचलेली होती, पायथा रुंद आणि कोरडा. त्या तशाच होत्या.

तरी एका गोष्टीचा मला आनंद होता. चारी. वरच्या टोकाला पाणी भरून वाहत होतं आणि खालच्या टोकाला, नाल्यापाशी, थेंब नव्हता. मी चाचाला दाखवलं. "बघा, माती सगळं पाणी पिते."

चाचा भिजल्या गवतावर आडवा झाला आणि कान जमिनीला लावला. कुठून कुठे असा सरकत सरकत दोन वाफे ओलांडून गेला. मग उठून म्हणाला, "मिस्त्रीजी, पाणी पिणारी माती आवाज करत नाही. ही वाहतेय."

मी कान लावला. खाली, खूप खाली नाही, पाणी चालत होतं. नळातून चालावं तसं.

आम्ही दोघं धावत खाली उतरलो. ढाळाच्या पायथ्याशी दंडाएवढं भोक होतं आणि त्यातून पिवळं पाणी उसळत होतं. माझ्या चारीत कुठेतरी उंदराचं बीळ असेल, नाहीतर बर्फाने पडलेली चीर. पाण्याने तिथून आत वाट काढली होती, कण न् कण सोडवत. दोन दिवसांनी वाडीत, काठापासून पंधरा हातांवर, जमीन बसली. वर मडक्याएवढं तोंड, आत वाकून बघितलं तर रांजणासारखं पोट. त्याच्या काठावर केशराची हिरवी पाती लोंबत होती.

चाचा त्या भोकाजवळ मांडी घालून बसला. मी म्हटलं, "गड्डे काढून घेऊ या सगळे."

"आता?" तो म्हणाला. "पात हिरवी आहे अजून. आत्ता पोटं भरतायत त्यांची. पात सुकायच्या आधी काढले तर निम्मे मरतील, उरलेले फुलणार नाहीत. दोन महिने पाहिजेत मला." आणि लोंबणारी पात बोटाने सावरत, "एवढेच आहेत माझ्याकडे. हे गेले तर परत कोणाकडे तरी मागून सुरुवात. माझं वय बघा."

दोन महिने. भोक रोज वीतभर वाडीत आणखी आत सरकत होतं. पाणी वरून पडायचं, तळाची माती न्यायचं, आणि वरचा उभा तुकडा धप्पकन खाली बसायचा. पलीकडच्या काठावर अशीच सुरू झालेली घळ होती, तिच्यात आता अख्खी मेंढरं उतरायची. ती कधी सुरू झाली हे गावात कुणाला आठवत नव्हतं. आमची कधी सुरू झाली हे मला चांगलं माहीत होतं.

मी पहिली गोष्ट केली ती चारीचं तोंड बंद केलं आणि पाणी वाडीच्या आतल्या अंगाने दुसरीकडे काढून दिलं, तात्पुरतं. दुसरी, साहेबांना निरोप धाडला. तिसरी, ट्रंक भरली. मिस्त्री, मातीकाम लिहिलेला कागद वरच ठेवला, परत द्यायला सोपा पडावा म्हणून.

साहेब चौथ्या दिवशी आले. मी सगळं सांगितलं, चाचाचं बोलणं मी लोभाचं कसं समजलो तेही. त्यांनी ढाळ पाहिला, भोकात हात घातला, मग माझी ट्रंक पाहिली.

"ही कशाला?"

"साहेब, माझ्यामुळे..."

"ड्रॉइंगवर सही माझी आहे. तुला 'ठरव' म्हणून मी पूल बांधायला पळालो. आता दोघं मिळून निस्तरू." मग चाचाकडे वळून, हात जोडून म्हणाले, "काका, चूक आमची. आता तुम्ही सांगा."

चाचा म्हणाला, "सांगितलं होतं. पण तुमचा माणूस कान लावून ऐकायला शिकलाय आता, ते बरं झालं."

ट्रंक मी रिकामी केली. अशा माणसाच्या हाताखाली काम मिळालं, याचं ऋण शब्दांत काय फेडायचं.

साहेबांनी त्या दिवशी मला जे सांगितलं ते मी पुढे कितीतरी जणांना सांगत आलो. ही माती पोकळ आहे. कण धारदार, एकमेकांना टेकून उभे, मधे हवा, मुळांच्या बारीक नळ्या, आणि चुन्याने, थोड्या चिकणमातीने ते जेमतेम जोडलेले. म्हणून कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते. पण पाणी शिरलं की ती जोडणी सुटते आणि सगळं कोसळतं. "ज्या पोकळीतून मूळ खोल जातं," ते म्हणाले, "त्याच पोकळीतून पाणीही जातं. हिचा गुण आणि हिचा दोष एकच आहे रे."

भुयार बुजवायचं तर वरून उघडायला लागणार होतं. नुसतं तोंड बुजवलं तर पाणी बाजूने दुसरी वाट काढणार. उघडायचं म्हणजे त्याच्या माथ्यावरचे वाफे खणायचे. कुठे खणायचं ते चाचाने ठरवलं. कान लावत लावत, काठीने टकटक करत त्याने रेघ मारली. ती चार वाफ्यांतून गेली. त्या चार वाफ्यांतले गड्डे त्याने स्वतः, एकेक, मातीच्या गोळ्यासकट उचलले आणि आतल्या अंगाला नेऊन बसवले. मी मदतीला वाकलो तर म्हणाला, "तुम्ही नका. तुमचे हात चिखलाचे आहेत."

ते खरंच होतं, आणि शेवटी तेच कामाला आलं.

भुयार उघडलं, आणि बुजवायला माती लागली ती आम्ही माझ्याच ढाळातून काढली. माथ्याची कड तशीच ठेवून खालची सगळी पाचर खणून टाकली आणि भिंत उभी केली. पायथ्याला रुंद पायरी सोडली, पडलं तर त्यावर पडावं म्हणून. चाचाची एक बोटभर जमीनही आणखी गेली नाही. निघालेली माती किंचित ओलसर करायची, मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण तळहात ओला होऊ नये इतकीच, आणि वीतवीत थर टाकून धुमसाने ठोकायची. पोकळी मोडून घट्ट केली की तीच माती बऱ्यापैकी पाणी अडवते.

राहिली चारी. सिमेंट वर चढवायची सोय नव्हती. मी ओढ्याकाठी करेव्याच्या पायथ्याला भटकत होतो तेव्हा पिवळ्या मातीच्या खूप खाली एक निळसर करडा थर दिसला. बोट घातलं, बोट आलं पण माती सोडेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तर लोक हसतील, पण डोंबिवली सोडल्यावर पहिल्यांदा ओळखीचं कोणीतरी भेटलं होतं. साहेब म्हणाले, पूर्वी इथे तळं होतं, ही त्याच्या तळाची चिकणमाती. गावचे कुंभार तिथूनच नेत.

ती घोड्यांवर लादून वर आणली. खड्ड्यात टाकून पाणी घातलं, धोतर खोचलं आणि तुडवायला लागलो. सगळं गाव बघायला आलं. "समुद्रवाला परत नाचतोय!" या खेपेला मी लाजलो नाही. दिवसभर तुडवली, दुसऱ्या दिवशी आणखी. काठापासून बरीच आत नवी चारी खणली, तिला हातभर रुंद आणि वीतभर जाड अस्तर दिलं, गोळे करून, अंगठ्याने दाबून, सांधा न ठेवता, खेकड्याच्या भोकावर बसवतात तसं. उन्हाने तडकू नये म्हणून वर गवताची ढेकळं बसवली. भिंतीच्या डोक्यावर गावकऱ्यांसारख्याच काटक्या आणि गवत.

मग पाऊस यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी नीट जेवलो नाही. दुपारी ढग आले आणि मी चारीच्या खालच्या टोकाला, नाल्यापाशी, जाऊन उभा राहिलो. चाचा वरच्या टोकाला होता. पाऊस पडत राहिला. वरून चाचा ओरडला, "भरली!" माझ्या पायाशी काही नव्हतं. मी वाट बघितली. गवताची ढेकळं ओली झाली, बस. मला वाटलं, गेलं पुन्हा आत. मी जमिनीला कान लावला. पावसाशिवाय काहीच ऐकू येईना, आणि ते चांगलं की वाईट हेही कळेना.

मग गवताच्या पात्यांमधून एक बारीक धार सरपटत आली. थोडी थांबली, पुन्हा निघाली, आणि नाल्यात पडली. पिवळी नव्हती. जवळजवळ स्वच्छ होती. तिच्यामागून पाणी आलं, हातभर रुंद, पूर्ण चारीचं.

 चाचा वरून विचारत होता, "आलं का? मिस्त्रीजी, आलं का?" मी दोन्ही हात वर केले.

आषाढात पात सुकली. वाडी तिथेच होती, म्हणून गड्डे काढायची गरजच पडली नाही. आतल्या अंगाला हलवलेल्या चार वाफ्यांतले बरेचसे कुजले, चाचाने ते मला दाखवले आणि मी ते बघितले. त्याने दाखवणं आणि मी बघणं दोन्ही आवश्यक होतं असं मला वाटतं. ठोकून घट्ट केलेल्या पट्ट्यावर त्याने पुन्हा केशर लावलं नाही. "तिथे मूळ जाणार नाही आता," म्हणाला. तिथे गवत सोडलं.

कार्तिकात मला साहेबांबरोबर पुलाकडे जायचं होतं. निघायच्या सकाळी चाचाने निरोप पाठवला, वर या. मी वर गेलो. वाडी जांभळी झाली होती. नुसत्या उघड्या पिवळ्या जमिनीतून, पानाशिवाय म्हणावीत अशी, फुलंच फुलं वर आलेली, मधे गवताचा एक हिरवा पट्टा. चाचाच्या घरची सगळी माणसं टोपल्या घेऊन वाकलेली. तो स्वतः पार काठाशी, शेवटच्या वाफ्यात, फुलं खुडत होता. त्याच्यापलीकडे भिंत सरळ खाली गेलेली.

"या," म्हणाला.

मी चार हातांवरच थांबलो. खाली खोल रस्ता, मधे काही नाही, आणि पायाखाली ती माती, जिला मी पाण्याच्या भांड्यात विरघळताना पाहिलं होतं.

"या हो," तो म्हणाला. "कोरडी आहे."

मी गेलो आणि त्याच्याशेजारी वाकून फुलं खुडायला लागलो. या वेळी त्याने माझे हात चिखलाचे आहेत म्हटलं नाही.